विश्लेषण : ‘व्हँको’ची सलाईन तासाभरात का संपवत नाहीत?

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाईकाचं निम्मं लक्ष सलाईनच्या बाटलीवर असतं. बाटली संपली की सिस्टरला हाक मारायची, मग पेशंटला जेवायला घालायचं, मग आपण चहाला जायचं, असा तो हिशेब असतो. थेंब हळू पडताना दिसले की हात आपोआप नळीवरच्या चाकाकडे जातो. साध्या सलाईनच्या बाबतीत एवढ्याने बहुधा काही बिघडत नाही. (हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटची गोष्ट वेगळी.) पण बाटलीत व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक असेल, तर चाक थोडं जास्त फिरवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पेशंट मान खाजवू लागतो, कान तापतात, चेहरा लालबुंद होतो आणि कधी कधी रक्तदाबही घसरतो.

हिंगोली जिल्ह्यात गंभीर जखमा, हाडांचे संसर्ग किंवा रक्तात पसरलेला संसर्ग असलेले पेशंट जिल्हा रुग्णालयात दाखल होतात, किंवा पुढे नांदेडला पाठवले जातात. अशा पेशंटच्या फाइलमध्ये ‘व्हँको’ हे नाव बरेचदा दिसतं. हे औषध सोडायला निदान एक तास आणि बहुतेक वेळा त्याहून जास्त वेळ का लागतो, आणि घाई झाली तर शरीरात काय होतं, ते समजून घेऊ.

व्हँकोमायसिन कधी लागतं?

जखमेतून पू येणारे अनेक संसर्ग स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे होतात. त्याचा एक प्रकार पेनिसिलिनच्या कुळातल्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. त्याला एमआरएसए म्हणतात. पू किंवा रक्ताच्या कल्चरमध्ये तो सापडला, किंवा पेशंटची अवस्था पाहून डॉक्टरांना त्याची दाट शंका आली, की व्हँकोमायसिन सुरू केलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सचे जे गट केले आहेत, त्यात हे औषध ‘वॉच’ म्हणजे जपून वापरायच्या गटात येतं.

औषध तसं जुनं आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एका मिशनऱ्याने बोर्निओच्या जंगलातली माती ‘एली लिली’ या अमेरिकी कंपनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञाकडे पाठवली होती. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हे औषध मिळालं. १९५८मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीचं औषध इतकं अशुद्ध आणि तपकिरी असायचं की त्याला ‘मिसिसिपी मड’, म्हणजे मिसिसिपी नदीचा गाळ, असं टोपणनाव पडलं. ते देताना पेशंट लाल होत, तेव्हा दोष या गाळावरच टाकला जाई. पुढे औषध बरंच शुद्ध झालं, तरी लाली पूर्णपणे गेली नाही. म्हणजे दोष फक्त गाळाचा नव्हता. औषधाचा रेणूच तसा आहे, आणि तो किती वेगाने शरीरात जातो यावर बरंच काही अवलंबून आहे.

लाली येते ती कशामुळे?

आपल्या त्वचेखाली, श्वासनलिकेच्या अस्तरात आणि रक्तवाहिन्यांच्या आसपास ‘मास्ट’ नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या बारीक पुड्या भरलेल्या असतात. हिस्टामिन बाहेर पडलं की रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा गरम आणि लाल होते, खाज सुटते. खूप जास्त बाहेर पडलं तर रक्तवाहिन्या इतक्या सैल पडतात की रक्तदाब खाली येतो.

खऱ्या अ‍ॅलर्जीत या पुड्या फुटण्याआधी शरीराने त्या औषधाची ओळख पटवून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात. त्यासाठी औषधाशी आधी कधीतरी संबंध आलेला असावा लागतो. व्हँकोमायसिनला हा वळसा लागत नाही. मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक असतो, त्याचं शास्त्रीय नाव एमआरजीपीआरएक्स-२. व्हँकोमायसिन थेट त्यालाच जाऊन चिकटतं आणि पेशी पुड्या सोडते. म्हणून आयुष्यातल्या पहिल्याच डोसलाही लाली येऊ शकते.

वेगाचा प्रश्न इथेच येतो. रक्तात एकाच वेळी औषध किती दाट आहे, यावर किती मास्ट पेशी फुटतील ते ठरतं. तेच औषध हळू सोडलं तर ते शरीरभर पसरत जातं, रक्तातली दाटी एकदम वर चढत नाही आणि थोड्याच पेशी फुटतात. शेतातल्या ठिबकचं पाणी जमिनीत मुरतं आणि तेवढंच पाणी पाटाने एकदम सोडलं तर बांध फोडून वाहतं, तसाच हा प्रकार आहे.

त्रास साधारणपणे औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत होतो, पण मधेच किंवा बाटली संपल्यावर लगेच झाल्याचीही उदाहरणं आहेत. सुरुवात बहुधा खाजेने होते. मग चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग लाल होतो. काही जणांना छातीत किंवा पाठीत आवळल्यासारखं दुखतं, काहींना चक्कर येते.

वैद्यकीय पुस्तकांत याला अनेक वर्षं ‘रेड मॅन सिंड्रोम’ म्हणत. आता ते नाव मागे पडत असून ‘व्हँकोमायसिन इन्फ्युजन रिअ‍ॅक्शन’ असं म्हटलं जातं. माणसाला त्याच्या त्वचेच्या रंगावरून ओळखणारं जुनं नाव अपमानकारक वाटतं, हे एक कारण. आपल्याकडे त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. गोऱ्या कातडीवर जी लाली लांबून दिसते, ती सावळ्या किंवा काळ्या कातडीवर, त्यातही रात्रीच्या मंद उजेडात, दिसतच नाही. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या मानेवर लाली शोधत बसलात तर ती हुकणारच. अशा पेशंटच्या बाबतीत आधी कळतं ते त्याच्या बोलण्यातून, ‘डोक्यात खाज सुटलीय’, ‘कानातून वाफा निघाल्यासारखं होतंय’, ‘अंग तापलंय’. हात लावला तर मान आणि कानाच्या पाळ्या गरम लागतात.

मग नेमका वेग किती हवा?

औषधाच्या माहितीपत्रकात प्रौढांसाठी तीन अटी एकत्र दिलेल्या असतात. मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध जाता कामा नये. डोस कितीही लहान असला तरी तो ६० मिनिटांच्या आत संपवायचा नाही. आणि द्रावण फार दाट नको, एका मिलीत ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही.

‘निदान एक तास’ एवढंच लक्षात ठेवलं की पहिली अट विसरायला होते. ५०० मिलिग्रॅमच्या डोसला मिनिटाला १० मिलिग्रॅमने ५० मिनिटं लागतील, पण तासाची अट असल्याने ६० मिनिटं द्यायची. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम. त्याला त्याच वेगाने १०० मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासांना थोडी कमी, लागतात. दीड ग्रॅम असेल तर अडीच तास. अनेक रुग्णालयांत १ ग्रॅम तासाभरात दिला जातो आणि पुष्कळ पेशंटना तो सोसतोही. पण ती कडेवरून चाल आहे. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना १ ग्रॅम औषध एकदा एका तासात आणि एकदा दोन तासांत देऊन पाहिलं होतं. दोन तास घेतले तेव्हा लालीचा त्रासही कमी झाला आणि रक्तात हिस्टामिनही कमी सुटलं. म्हणजे साठाव्या मिनिटाला काही लक्ष्मणरेषा नाही. जितकं हळू, तितका त्रास कमी.

हळू दिल्याने औषधाचा जोर कमी होईल का, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. उत्तर नाही असं आहे. काही अँटिबायोटिक्सच्या बाबतीत रक्तातली सर्वोच्च पातळी महत्त्वाची असते. व्हँकोमायसिनचा परिणाम दिवसभरात एकूण किती औषध रक्तात राहिलं, यावर ठरतो. किडनी नीट असेल तर रक्तातलं हे औषध निम्मं व्हायला साधारण चार ते सहा तास लागतात. त्यामुळे ते आत जायला एक तास लागला की दोन, याने जिवाणूंना काही फरक पडत नाही.

वॉर्डातला हिशेब : एक उदाहरण

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. वसमतकडचा ५५ वर्षांचा शेतकरी. वजन ६० किलो. हळद काढताना कुदळ पायावर लागली, जखम चिघळली आणि पायावर सूज चढली. पुवाच्या कल्चरमध्ये एमआरएसए आला. किडनीची तपासणी ठीक आहे. व्हँकोमायसिनचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं : १ ग्रॅम, दर १२ तासांनी.

औषध पावडरच्या रूपात येतं. ५०० मिलिग्रॅमच्या दोन व्हायल घेतल्या, तर प्रत्येकीत १० मिली डिस्टिल्ड वॉटर घालून पावडर पूर्ण विरघळवायची. झालं २० मिली. हे तसंच शिरेत कधीही ढकलायचं नाही. व्हँकोमायसिन सिरिंजने झटक्यात दिल्याने रक्तदाब कोसळल्याच्या, क्वचित हृदय बंद पडल्याच्या नोंदी आहेत. ते २० मिली २५० मिलीच्या एनएसच्या बाटलीत सोडायचे. एकूण २७० मिली झाले. एका मिलीत ३.७ मिलिग्रॅम औषध, म्हणजे दाटीची अट पाळली गेली.

२७० मिली १०० मिनिटांत सोडायचे म्हणजे मिनिटाला २.७ मिली. पंप असेल तर त्यावर तासाला १६२ मिली असं लावलं की काम झालं. पंप नसेल, आणि साध्या वॉर्डात तो बहुधा नसतोच, तर थेंब मोजायचे. आपल्याकडच्या नेहमीच्या आयव्ही सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो. हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो आणि तो पाहूनच हिशेब करावा, कारण लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो. २.७ गुणिले २०, म्हणजे मिनिटाला ५४ थेंब. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका थेंबाची चूक चार थेंबांची होते.

२५० मिलीची बाटली नसेल आणि फक्त १०० मिलीच्या असतील, तर एका बाटलीत ५०० मिलिग्रॅमच घालून दोन बाटल्या एकामागून एक, प्रत्येकी एका तासात द्यायच्या. तेव्हा वेग मिनिटाला ३७ थेंब. अख्खा १ ग्रॅम १०० मिलीच्या एकाच बाटलीत ओतला तर एका मिलीत ८ मिलिग्रॅमहून जास्त दाटी होते. ही चूक होण्यामागे सवय आहे. सेफ्ट्रियाक्झोनसारखी वॉर्डातली बरीच अँटिबायोटिक्स १०० मिलीच्या बाटलीत घालून अर्ध्या तासात सोडली जातात. रात्रपाळीला एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळत असताना एकाच ट्रेमध्ये अशा सात-आठ बाटल्या तयार होतात. सगळ्या सारख्याच दिसतात. अर्ध्या तासाचा तोच वेग व्हँकोच्या १ ग्रॅमला लावला, तर मिनिटाला १० ऐवजी ३३ मिलिग्रॅम औषध शिरेत जातं.

बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळा लिहिणं, हा यावरचा जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. आपल्या उदाहरणात बाटली सकाळी १० वाजता सुरू झाली. दर २५ मिनिटांनी पाव बाटली संपायला हवी. म्हणून पट्टीवर वरून खाली १०:२५, १०:५०, ११:१५ आणि तळाशी ११:४० अशा खुणा. कोणीही येता-जाता पाहू शकतं की पाणी खुणेच्या पुढे पळतंय की मागे पडलंय. मागे पडलं असेल, समजा पेशंटने हात दुमडला म्हणून थेंब थांबले होते, तर राहिलेला वेळ भरून काढायला वेग वाढवायचा नाही. बाटली उशिरा संपली तर संपू द्यायची. मला स्वतःला या सगळ्यात ही पट्टी सर्वात हुशारीची गोष्ट वाटली. मोठ्या यंत्रणेत सेन्सर आणि अलार्म जे काम करतात, ते इथे दोन रुपयांची चिकटपट्टी करते.

चाक फिरलं तर काय?

हेच उदाहरण पुढे नेऊ. १०:२५ला पाणी बरोबर पहिल्या खुणेवर आहे. शेतकऱ्याचा मुलगा बाजूला बसलाय. त्याला दुपारची गाडी पकडायचीय. ‘लई हळू चाललंय की हे,’ म्हणत तो चाक वर सरकवतो. थेंब आता मिनिटाला दीडशेच्या घरात गेले. म्हणजे मिनिटाला साडेसात मिली, आणि त्यातून २८ मिलिग्रॅम औषध. मर्यादेच्या जवळपास तिप्पट.

१०:३५ला वडील डोकं खाजवू लागतात. मग मान. ‘गरम व्हायलंय,’ म्हणतात. मुलगा पंखा लावायला उठतो, आणि वेळ इथेच वाया जातो, कारण खाज आणि गरमी यांचा सलाईनशी संबंध असेल हे त्याच्या मनातही येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई सिस्टरला हाक मारतात.

सिस्टर पहिलं काम करतात ते चाक बंद करण्याचं. सुई काढत नाहीत, कारण पुढे औषध द्यायला शीर लागणार आहे. दुसरा सेट लावून साधं एनएस सुरू ठेवतात. सेट बदलण्याचं कारण असं, की जुन्या नळीत व्हँकोमायसिन उरलेलं असतं आणि त्याच नळीतून सलाईन सोडलं तर ते आधी आत ढकललं जातं. मग रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन. समजा सकाळी १३०/८० असलेला रक्तदाब आता १०४/६६ आहे, नाडी १०४, ऑक्सिजन ९७. डॉक्टर येतात.

डॉक्टरांना पहिल्या दोन मिनिटांत एक गोष्ट ठरवायची असते. ही नुसती वेगाची लाली आहे की अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन? ते ओठ, जीभ आणि डोळ्यांभोवतीची सूज पाहतात. आवाज घोगरा झालाय का, गिळायला त्रास होतोय का, विचारतात. छातीला स्टेथोस्कोप लावून शिट्टीसारखा आवाज येतो का, ऐकतात. अंगावर गांधी उठल्यात का, उलट्या होतायत का, रक्तदाब झपाट्याने घसरतोय का, हे पाहतात. यातलं काही असेल आणि चित्र अ‍ॅनाफिलॅक्सिसचं असेल, तर नाव काय द्यायचं यावर चर्चा करत बसायला वेळ नसतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, आणि पाय उंच करून भरभर सलाईन. व्हँकोमायसिनने खरी अ‍ॅलर्जीही होऊ शकते. ती कमी दिसते, पण होते. आणि नुसत्या वेगाची रिअ‍ॅक्शनही जोरात आली तर बाहेरून तशीच दिसू शकते. दोन्हींत फरक करता येत नसेल, तर डॉक्टर जास्त धोक्याचं निदान गृहीत धरून उपचार करतात.

आपल्या शेतकऱ्याला यातलं काही नाही. खाज, गरम मान, थोडा उतरलेला रक्तदाब एवढंच. डॉक्टर अँटिहिस्टामिनचं इंजेक्शन देतात, आपल्याकडे ते बहुधा फेनिरामिन असतं. अर्ध्या तासात खाज थांबते, रक्तदाब वर येतो.

आता बाटलीचं काय करायचं? त्यात अजून सुमारे १२७ मिली औषध आहे. बाटली फेकून देण्याची किंवा औषधच बंद करण्याची इथे गरज नाही. ११:१०ला ती निम्म्या वेगाने, मिनिटाला २७ थेंबांवर, पुन्हा सुरू होते आणि पाऊण वाजण्याच्या सुमारास संपते. पहिली काही मिनिटं सिस्टर जवळ थांबतात. रात्री १० वाजताचा पुढचा डोस डॉक्टर दोन तासांत द्यायला सांगतात. २७० मिली १२० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ४५ थेंब. त्या वेळी खाज येत नाही.

फाइलवर काय लिहायचं?

या प्रसंगातून पेशंटचं दीर्घकाळचं नुकसान होऊ शकतं ते फाइलवरच्या एका ओळीने. घाईत कोणी लाल शाईने लिहून ठेवतं, ‘व्हँकोमायसिनची अ‍ॅलर्जी’. डिस्चार्ज कार्डावर तीच ओळ उतरते. दोन वर्षांनी हाच शेतकरी नांदेडला किंवा संभाजीनगरला हाडाच्या संसर्गासाठी दाखल झाला, तर तिथले डॉक्टर ती ओळ वाचून हे औषध बाजूला ठेवतात. मग पर्याय म्हणून दुसरं, बरेचदा महाग किंवा त्या जागी कमी उपयोगाचं औषध निवडावं लागतं.

म्हणून घडलं तसं लिहिणं बरं. डोस किती होता, किती मिलीत होता, किती वाजता सुरू झाला, त्रास कितव्या मिनिटाला आणि कुठल्या वेगावर सुरू झाला, काय काय दिसलं, काय दिसलं नाही, आणि वेग कमी केल्यावर पुढचा डोस सोसला की नाही. ‘वेगाने गेल्यामुळे इन्फ्युजन रिअ‍ॅक्शन, दोन तासांत दिल्यावर त्रास नाही’, ही एक ओळ पुढच्या डॉक्टरला ‘अ‍ॅलर्जी’ या एका शब्दापेक्षा कितीतरी जास्त सांगते. नातेवाईकांनी डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर ती ओळ कशी लिहिलीय ते पाहावं आणि शंका असेल तर तिथेच विचारावं. मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवला तर तो पुढच्या दवाखान्यात उपयोगी पडतो.

योग्य वेगानेही त्रास होऊ शकतो का?

होतो, कमी प्रमाणात. काही जणांच्या मास्ट पेशी मुळातच जास्त हळव्या असतात. शिवाय मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, भूल देताना वापरायची स्नायू सैल करणारी काही औषधं आणि सीटी स्कॅनच्या वेळी टोचायचं कॉन्ट्रास्ट यांनीही हिस्टामिन सुटू शकतं. ती व्हँकोमायसिनच्या सोबतच दिली गेली तर दोन्हींची बेरीज होते. ऑपरेशन थिएटरमध्ये हा धोका जास्त असतो. काही ऑपरेशनआधी संसर्ग टाळण्यासाठी व्हँकोमायसिन देतात. त्यासाठी चीर घेण्याच्या एक ते दोन तास आधीच ते सुरू करावं लागतं. वॉर्डातून पेशंट उशिरा निघाला, टेबलवर घेतल्यावर कोणाला तरी आठवलं आणि मग बाटली ‘फुल’ सोडली, असं झालं तर भूल दिलेला पेशंट खाज सुटल्याचं सांगूही शकत नाही. तिथे पहिली खूण मॉनिटरवर घसरलेला रक्तदाब हीच असते.

एकदा त्रास झालेल्या पेशंटला पुढच्या डोसआधी अँटिहिस्टामिन देता येतं, आणि डॉक्टर कधी कधी ते देतातही. पण ते हळू सोडण्याला पर्याय म्हणून नव्हे. अँटिहिस्टामिन हिस्टामिनचा परिणाम अडवतं, पेशी फुटणं थांबवत नाही.

वेग बरोबर असला तरी या औषधाच्या बाकीच्या काळज्या उरतातच. किडनीवर त्याचा परिणाम होऊ शकतो म्हणून क्रिएटिनिनची तपासणी पुन्हा पुन्हा होते आणि जिथे सोय आहे तिथे रक्तातली औषधाची पातळीही मोजली जाते. किडनी कमजोर असलेल्या पेशंटला दोन डोसमधलं अंतर वाढवावं लागतं. औषध शिरेबाहेर गळलं तर तिथली कातडी आणि मांस दुखावतं, म्हणून सुईच्या जागी आग होऊ लागली किंवा फुगवटा आला तरी सिस्टरला लगेच सांगायचं. लहान मुलांचा डोस, पाण्याचं प्रमाण आणि वेग यांचा हिशेब वेगळा असतो. वरचे थेंबांचे आकडे त्यांना लावू नयेत.

नातेवाईकाने काय पाहायचं?

बाटलीवर औषधाचं नाव आणि वेळा लिहिल्या आहेत का, ते पाहा. नसतील तर ‘ही बाटली किती वाजता संपायला पाहिजे?’ एवढं सिस्टरला विचारा. चाकाला हात लावू नका, अगदी थेंब थांबलेले दिसले तरी, कारण दुमडलेला हात सरळ केला की तेच चाक एकदम जास्त सोडू लागतं. थेंब थांबले किंवा धार लागली, दोन्ही वेळा सिस्टरला सांगा. पेशंट झोपलेला किंवा गुंगीत असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं त्याच्या मानेला आणि कानाला अधूनमधून हात लावून पाहा.

आणि खाज सुटली, कान तापले, चक्कर आली किंवा छाती भरून आली असं पेशंट म्हणाला, तर पंख्याकडे न जाता आधी सिस्टरला हाक मारा. ‘व्हँकोची बाटली चालूय आणि खाज सुटलीय,’ एवढं वाक्य पुरतं. ते ऐकल्यावर बाकीचं काय करायचं, हे वॉर्डातल्या माणसांना माहीत असतं. सिस्टर समोर नसतील, खोलीत दुसरं कोणी नसेल आणि पेशंटला श्वास घ्यायला त्रास होत असेल, तेवढ्या एका प्रसंगी मात्र चाक स्वतः खाली सरकवून पूर्ण बंद करा, सुई तशीच राहू द्या आणि बाहेर जाऊन जोरात हाक मारा.